जाहिरातीच्या रिपोर्टमधला कोणता आकडा पुढची विक्री आधी सांगतो? लातूरच्या क्लासचं उदाहरण



कॉमर्स किंवा मॅनेजमेंटमधून पीएच.डी. करू बघणाऱ्या बऱ्याच जणांचा विषय साधारण असा असतो: "डिजिटल जाहिरातींचा ग्राहकांच्या खरेदीवर होणारा परिणाम". डेटा म्हणून जाहिरातीचा रिपोर्ट घ्यायचा. किती जणांनी जाहिरात बघितली, किती क्लिक झाल्या, किती जणांनी फॉर्म भरला. शेजारी विक्रीचे आकडे मांडायचे, सहसंबंध काढायचा आणि प्रकरण चार तयार. मग समितीसमोर प्रश्न येतो: "क्लिक एप्रिलमध्ये झाली आणि विक्री जूनमध्ये. एप्रिलचा आकडा जूनबद्दल काही सांगतो, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

या प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं म्हणून हा लेख. उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ, लातूरच्या एका क्लासच्या प्रवेशांचं.

आधी बोलणारा आणि मागून बोलणारा आकडा

लॅगिंग इंडिकेटर म्हणजे घटना घडून गेल्यावर बोलणारा आकडा. उदाहरणार्थ, झालेली विक्री, जमा झालेली फी, वर्षाचा नफा. तो खरा असतो, पण तो हातात येईपर्यंत काही बदलायची वेळ निघून गेलेली असते. लीडिंग इंडिकेटर आधी बोलतो आणि पुढे काय होणार याचा अंदाज देतो. ही कल्पना अर्थशास्त्रातून आली. १९३८ मध्ये अमेरिकेत वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी, मंदीतून बाहेर येताना कोणते आकडे अर्थव्यवस्थेच्या आधी वळतात, याची यादी तयार केली. तिथून हे शब्द धंद्याच्या भाषेत आले.

आपल्याकडे ही गोष्ट शेतकऱ्याला वेगळी शिकवावी लागत नाही. सोयाबीन पेरायच्या आधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि आठवडाभरात किती उगवले ते मोजतात. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं शिफारशीप्रमाणे पेरायचं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. उतारा ऑक्टोबरात कळणार, पण ही चाचणी मे महिन्यातच काहीतरी सांगते.

या चाचणीत दोन गुण आहेत. पहिला, ती पिकाच्या आधी येते. दुसरा जास्त महत्त्वाचा: दाणा उगवल्याशिवाय पीक येत नाही, म्हणजे चाचणीत जे मोजतो ते पिकाच्या वाटेवरच पडतं. बियाण्याच्या पिशवीवरचं चित्रसुद्धा पिकाच्या आधी दिसतं, पण त्यावरून उतारा कुणी काढत नाही. जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये मात्र चित्र आणि उगवण हे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात. त्यातला कोणता कशाचा, हे आपल्याला ठरवावं लागतं.

उदाहरण: अकरावीच्या बॅचची जाहिरात

"लातूर पॅटर्न"मुळे लातूरच्या ट्यूशन एरियात लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड अशा जिल्ह्यांतून मुलं येतात. नांदेड शहरातही क्लासेसचा मोठा पट्टा आहे, त्यामुळे दोन्ही शहरांतले क्लास एकाच पालकाला जाहिरात दाखवत असतात. अशा एका क्लासची कल्पना करा. त्याला दहावी दिलेल्या मुलांची नीटची बॅच भरायची आहे. खालचे सगळे आकडे समजण्यासाठी मी मांडलेले आहेत, कुठल्या खऱ्या क्लासचे नाहीत. कॅलेंडर मात्र खरं आहे, २०२५ चं.

त्या वर्षी दहावीची परीक्षा मार्चच्या मध्यात संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. क्लासने ७ एप्रिल ते ४ मे असे चार आठवडे दोन जाहिराती चालवल्या. जाहिरात "क" मध्ये मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो आणि "मोफत नोट्स मिळवा" असा फॉर्म. जाहिरात "ख" मध्ये सर फळ्यावर भौतिकशास्त्राचं एक गणित सोडवतात असा व्हिडिओ आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी करायचं बटण. दोन्हींवर खर्च सारखाच, प्रत्येकी चाळीस हजार रुपये.

प्रवेशाची वाट साधारण अशी असते. मुलगा किंवा पालक जाहिरात बघतो, चौकशी करतो. क्लासमधून फोन जातो. मग पालक मुलाला घेऊन डेमो लेक्चरला येतात, होस्टेल किंवा मेस बघतात. निकाल लागतो, घरी चर्चा होते आणि शेवटी फीचा पहिला हप्ता भरला जातो. पहिल्या क्लिकपासून फीच्या पावतीपर्यंत सहा ते दहा आठवडे सहज जातात.

इथेच रिपोर्टची पहिली मर्यादा लागते. मेटाच्या जाहिरात रिपोर्टमध्ये नेहमीची सेटिंग अशी असते की, क्लिकनंतर सात दिवसांत किंवा नुसती जाहिरात बघितल्यानंतर एका दिवसात जे घडलं तेच त्या जाहिरातीच्या खात्यात जमा होतं. आपला प्रवेश होतो दोन महिन्यांनी, तोही काउंटरवर. तो आकडा आपण बाहेरून चढवला नाही तर रिपोर्टला त्याचा पत्ताच लागत नाही. थोडक्यात, या धंद्यात रिपोर्ट आपोआप जे दाखवतो ते सगळे सुरुवातीचेच आकडे असतात. त्यातला कामाचा कोणता, हे रिपोर्ट सांगत नाही.

दोन आठवड्यांनंतरचा निर्णय

२१ एप्रिलला क्लासचे संचालक रिपोर्ट उघडतात. तोपर्यंत दोन्ही जाहिरातींवर वीस-वीस हजार गेलेत. "क" मधून ४०० चौकश्या आल्यात, म्हणजे एका चौकशीला ५० रुपये. "ख" मधून १२५ आल्यात, एका चौकशीला १६० रुपये. संचालक म्हणणार, "ख बंद करा, तिचे उरलेले पैसे क वर टाका." रिपोर्ट वाचून कुणीही हेच म्हणेल.

आता ३० जूनपर्यंत दोन्ही जाहिराती तशाच चालू दिल्या असत्या तर काय दिसलं असतं ते बघू.

| टप्पा | जाहिरात क | जाहिरात ख |
|---|---|---|
| खर्च | ₹४०,००० | ₹४०,००० |
| चौकशी | ८०० | २५० |
| फोनवर नीट बोलणं झालं | २०० | १५० |
| पालकासह डेमोला आले | ३२ | ६० |
| ३० जूनपर्यंत फी भरली | १५ | ३० |

"क" ला एक प्रवेश सुमारे २,६६७ रुपयांना पडला, "ख" ला १,३३३ रुपयांना. म्हणजे एप्रिलमध्ये जी जाहिरात तिप्पट महाग दिसत होती ती जूनमध्ये निम्म्या किमतीची निघाली. संचालकांनी २१ एप्रिलला "ख" चे वीस हजार "क" कडे वळवले असते तर याच हिशेबाने सात-आठ प्रवेश गेले असते. ही चूक लक्षात येते जूनच्या शेवटी, आणि दहावीचा पुढचा निकाल येतो वर्षाने.

असं का झालं? मोबाइलवर येणाऱ्या या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर बहुतेक वेळा आधीच भरलेले असतात. मोफत नोट्ससाठी दोनदा बोट टेकवलं की फॉर्म जातो. शिवाय तुम्ही मेटाला "जास्तीत जास्त फॉर्म आणून दे" असं सांगितलं की तिची यंत्रणा फॉर्म भरायची सवय असलेली माणसं शोधते. फी भरू शकणारी किंवा मुलाला लातूरला ठेवायला तयार असलेली माणसं शोधणं हे काम आपण तिला दिलेलंच नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः टाईप करून "होस्टेलची सोय आहे का?" असं विचारणारा पालक त्या मानाने बराच पुढे आलेला असतो.

चांगला सिग्नल ओळखायची कसोटी

तक्त्यातल्या प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारा: या टप्प्यापर्यंत आलेल्या माणसांपैकी शेवटी किती टक्के प्रवेश घेतात, आणि हे प्रमाण दोन्ही जाहिरातींत सारखं आहे का?

चौकशीपासून मोजलं तर "क" मध्ये १.९ टक्के आणि "ख" मध्ये १२ टक्के. म्हणजे "एक चौकशी" ही दोन्हीकडे एकच वस्तू नाहीच. फोनवर बोलण्यापासून मोजलं तर ७.५ आणि २० टक्के. पटीत बघितलं तर अंतर कमी झालं, पण आहेच. डेमोपासून मोजलं तर ४७ आणि ५० टक्के. इथे दोन्ही जाहिराती जवळपास एका रेषेत आल्या. पालक मुलाला घेऊन डेमोला आला, एवढं कळल्यावर तो कोणत्या जाहिरातीतून आला याने फारसा फरक पडत नाही.

संख्याशास्त्रात हीच कसोटी रॉस प्रेंटिस यांनी १९८९ मध्ये औषधांच्या चाचण्यांसाठी मांडली. आधी दिसणारं चिन्ह अंतिम परिणामाच्या जागी वापरायचं असेल, तर ते चिन्ह कळल्यावर कोणता उपचार दिला होता या माहितीने अंदाजात आणखी भर पडता कामा नये. आपल्याकडे उपचाराच्या जागी जाहिरात ठेवा, चिन्हाच्या जागी डेमो आणि परिणामाच्या जागी फी.

ही कसोटी नुसती पुस्तकी नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांचे ठोके अनियमित असतात त्यांना मृत्यूचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. मग ठोके सुधारणारं औषध दिलं की मृत्यू कमी होतील असं गृहीत धरलं गेलं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कास्ट नावाच्या चाचणीत दिसलं की एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या औषधांनी ठोके सुधारले, पण ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. चिन्ह आणि परिणाम यांचा सहसंबंध खरा होता, तरी चिन्ह सुधारून परिणाम सुधारला नाही. तुमच्या प्रबंधात "चौकशी आणि प्रवेश यांचा सहसंबंध ०.८ आहे" असं वाक्य असेल, तर ते अजून या कसोटीतून गेलेलं नाही हे लक्षात ठेवा.

मग थेट फी हाच सिग्नल का घेऊ नये? कारण तो उशिरा येतो. वाटेवर जितकं पुढे जाल तितका आकडा भरवशाचा होतो, पण तितकाच उशिरा येतो आणि तितकाच लहान होत जातो. म्हणून नियम असा ठेवा: कसोटीत पास होणाऱ्या टप्प्यांपैकी सगळ्यात आधी येणारा टप्पा निवडा. आपल्या उदाहरणात चौकशी ते डेमो साधारण दहा दिवस लागतात असं समजा. मग २१ एप्रिलला "क" चे ५ आणि "ख" चे ९ जण डेमोला येऊन गेलेले असतील. संचालकांच्या हातात तेव्हाही योग्य दिशा दाखवणारा आकडा होता, फक्त तो मेटाच्या रिपोर्टमध्ये नव्हता. तो रिसेप्शनच्या रजिस्टरमध्ये होता.

लहान आकड्यांबद्दल इथेच एक सावधानी. ३२ पैकी १५ म्हणजे ४७ टक्के खरे, पण एवढ्या लहान गटात ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ढोबळपणे ३० ते ६४ टक्के इतकी रुंद येते. ६० पैकी ३० ची मर्यादा ३७ ते ६३. म्हणून "दोन्ही प्रमाणं सारखी आहेत हे सिद्ध झालं" असं लिहू नका. "या डेटात फरक दिसला नाही" एवढंच लिहा. सारखेपणाचा दावा करायचा असेल तर जाहिराती दोनच्या जागी आठ-दहा हव्यात आणि शक्यतो दोन-तीन हंगाम.

कॅलेंडरचा सापळा

सिग्नल तपासताना सगळ्यात जास्त घोळ आठवड्याच्या तक्त्यांमुळे होतो. नेहमीचा रिपोर्ट म्हणतो: या आठवड्यात २०० चौकश्या, ६ प्रवेश. पण हे ६ प्रवेश या आठवड्यातल्या चौकश्यांचे नाहीत, ते महिनाभर आधी चौकशी केलेल्यांचे आहेत. त्यांना एका ओळीत ठेवून भागाकार केला तर येणारी टक्केवारी कुणाचीच नसते.

त्याऐवजी माणसांचे गट करा. ७ ते १३ एप्रिलमध्ये ज्यांनी पहिली चौकशी केली तो एक गट, १४ ते २० एप्रिलचा दुसरा. यालाच कोहॉर्ट म्हणतात. प्रत्येक गटाला शेवटपर्यंत धरून ठेवा: सातव्या दिवसापर्यंत किती डेमोला आले, एकविसाव्या दिवसापर्यंत किती आले, ऐंशीव्या दिवसापर्यंत किती जणांनी फी भरली. दोन गटांची तुलना करताना वय सारखं ठेवा. वीस दिवसांचं सोयाबीन आणि साठ दिवसांचं सोयाबीन शेजारी ठेवून कोणतं बियाणं चांगलं हे कुणी ठरवत नाही. पण रिपोर्टमध्ये ३० एप्रिलची चौकशी आणि ७ एप्रिलची चौकशी एकाच बेरजेत जाते आणि नवीन जाहिरात उगाच वाईट दिसते.

दुसरा घोळ दोन वर्षांची तुलना करताना होतो. दहावीचा निकाल २०२३ मध्ये २ जूनला लागला, २०२४ मध्ये २७ मे रोजी आणि २०२५ मध्ये १३ मे रोजी. प्रवेशाचा निर्णय निकालाभोवती फिरतो. त्यामुळे २०२४ आणि २०२५ च्या मे महिन्याचा तिसरा आठवडा शेजारी ठेवला तर २०२५ मध्ये प्रवेशांना उसळी आलेली दिसेल आणि एखादा विद्यार्थी त्याचं श्रेय नव्या व्हिडिओला देऊन मोकळा होईल. उसळी निकालाची आहे. म्हणून तारखेच्या जागी "निकालाच्या आधी किती आठवडे, नंतर किती आठवडे" असा हिशेब ठेवा.

कधी कधी वाटच बदलते. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. त्याआधी ती मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरती होती. आपल्या भागातल्या पालकाला त्यामुळे नवीन प्रश्न पडला: मुलाला लातूरचं कॉलेज मिळेल की नाही हे कळल्याशिवाय क्लासची फी भरायची का? अशा वर्षी डेमो आणि फी यांच्यातलं अंतर वाढू शकतं आणि मागच्या वर्षांवर बसवलेला अंदाज ३० जूनला कमी भरलेला दिसू शकतो. सिग्नल खोटा ठरला असं लगेच म्हणू नका. आधी बघा की प्रवेश कमी झालेत की फक्त पुढे सरकलेत. त्यासाठी मोजणी जुलैअखेरपर्यंत चालू ठेवावी लागेल. म्हणून शेवटची तारीख डेटा बघून न ठरवता आधीच, आणि जरा लांबची ठरवावी.

एकच सिग्नल, दोन गावांत दोन वजनं

आता डेमोला आलेल्या ९२ जणांना वेगळ्या पद्धतीने विभागू. समजा त्यातले ५० लातूर शहरातले होते, त्यातल्या १६ जणांनी प्रवेश घेतला: ३२ टक्के. उरलेले ४२ बाहेरगावचे, उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड, किनवट अशा ठिकाणांहून आलेले. त्यातल्या २९ जणांनी प्रवेश घेतला: ६९ टक्के.

कारण सरळ आहे. शहरातला मुलगा मित्राबरोबर सायकलवर चार क्लासचे डेमो करून येतो. किनवटचा पालक दिवसाची मजुरी किंवा रजा सोडून, एसटीचं भाडं घालून, मुलाला घेऊन येतो. घरी बरंच काही ठरल्याशिवाय तो निघत नाही. सिग्नल द्यायला माणसाला जेवढी किंमत मोजावी लागते, तेवढं त्या सिग्नलला वजन येतं. फॉर्म भरायला काहीच लागत नाही, म्हणून तो काहीच सांगत नाही.

याचा परिणाम असा: पुढच्या वर्षी क्लासने जाहिरात फक्त लातूर शहरात दाखवली तर डेमोची गर्दी वाढेल, पण डेमोमागे प्रवेश अर्ध्यावरून एक तृतीयांशावर येतील. जाहिरात बिघडली नाही, माणसांचं मिश्रण बदललं. म्हणून एकूण सरासरीवर अंदाज बांधू नका. निदान शहर आणि बाहेरगाव असे दोन भाग वेगळे ठेवा.

सिग्नलला बक्षीस लावलं की काय होतं

समजा संचालकांना डेमोचं महत्त्व पटलं आणि त्यांनी फोन करणाऱ्या मुलींना सांगितलं, "ज्या जास्त डेमो आणतील त्यांना महिन्याला बोनस." पुढच्या महिन्यात डेमो दुप्पट होतात. बॅग फुकट मिळणार म्हणून आलेली मुलं, पालकाशिवाय आलेली मुलं, एकाच शाळेतून टेम्पोने आणलेली मुलं, सगळी रजिस्टरमध्ये "डेमो" म्हणून चढतात. आकडा तोच राहतो, त्याच्यामागची माणसं बदलतात.

हे वेळेत कळायला दोन गोष्टी लागतात. पहिली, व्याख्या लिहून ठेवलेली असावी. "डेमो" म्हणजे मुलगा आणि किमान एक पालक, पूर्ण तास बसलेले आणि नंतर समुपदेशकाशी बोललेले. दुसरी, जुन्या गटांचं डेमो ते फी हे प्रमाण दर पंधरा दिवसांनी सारख्या वयात तपासत राहावं. डेमो वाढतायत आणि हे प्रमाण घसरतंय असं दिसलं की सिग्नल झिजायला लागला असं समजा.

डेटा कुठून येणार

या सगळ्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एका तक्त्यात प्रत्येक चौकशीची एक ओळ: पहिल्या चौकशीची तारीख, जाहिरातीचा कोड, तालुका, फोनवर बोलणं झाल्याची तारीख, डेमोची तारीख, फी भरल्याची तारीख. जे घडलं नाही तो रकाना रिकामा.

अडचण येते जोडणीत. फॉर्म मुलाच्या नंबरवरून येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मामा बोलतात आणि प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचा नंबर असतो. नुसत्या नंबरवर जुळवलं तर बरेच प्रवेश "थेट आले" या खात्यात पडतात आणि जाहिरातींचं प्रमाण खोटं कमी दिसतं. उपाय साधे आहेत: प्रत्येक जाहिरातीला वेगळा फोन नंबर द्या, डेमोच्या दिवशीच दोन नंबर लिहून घ्या आणि "आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?" हा प्रश्न रिसेप्शनवर विचारा. न जुळलेल्या ओळी किती टक्के आहेत हे प्रबंधात जरूर लिहा. मुलं अल्पवयीन असतात, म्हणून क्लासकडून डेटा घेताना नावं आणि नंबर काढून, फक्त अनुक्रमांक ठेवूनच घ्या आणि लेखी परवानगी जोडा.

समितीच्या प्रश्नाचं उत्तर

सुरुवातीचा प्रश्न आठवा: एप्रिलचा आकडा जूनबद्दल काही सांगतो हे कशावरून? आता उत्तर देता येतं. एकाच आठवड्यात चौकशी केलेले गट घेतले, त्यांना सारख्या वयापर्यंत पाहिलं, निकालाच्या तारखेपासून वेळ मोजला, आणि डेमोपासून प्रवेशाचं प्रमाण जाहिरात बदलली तरी फारसं बदललं नाही.

पण या उत्तराची हद्दही ओळखून ठेवा. "इतके प्रवेश येतील" हे आपण सांगू शकतो. "ते जाहिरातीमुळे आले" हे यातून सिद्ध होत नाही. "ख" चा व्हिडिओ बघणारे पालक कदाचित जाहिरात नसती तरी लातूरला आलेच असते. ते तपासायचं असेल तर सारख्या तालुक्यांच्या जोड्या करून, चिठ्ठी टाकून एकात जाहिरात चालवायची आणि दुसऱ्यात बंद ठेवायची, आणि शेवटी दोन्हीकडचे सगळे प्रवेश मोजायचे. तो प्रयोग वेगळा आणि खर्चिक आहे, क्लासचे संचालक त्याला सहजासहजी तयार होत नाहीत.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये "डिजिटल जाहिरातींचा प्रवेशांवर परिणाम होतो" असं गृहीतक लिहिण्याऐवजी हे लिहून बघा: "पहिल्या चौकशीपासून २१ दिवसांत पालकासह डेमोला आलेल्यांची संख्या, ८० दिवसांपर्यंतच्या प्रवेशांचा अंदाज चौकश्यांच्या संख्येपेक्षा अचूक देते, आणि डेमोपासून प्रवेशाचं प्रमाण जाहिरातीच्या प्रकारानुसार बदलत नाही." यात काय मोजायचं, कधी मोजायचं आणि कोणता आकडा आला तर गृहीतक पडलं असं मानायचं, हे तिन्ही ठरलेलं आहे. समितीला वाद घालायचा असेल तर तो आता नेमक्या आकड्यावर घालता येईल.